टीमचं वर्षभराचं उद्दिष्टपत्रक कसं तयार करायचं: मेंटेनन्स विभागाच्या उदाहरणासह

फेब्रुवारी संपत आला की प्लॅन्ट हेडचा मेल येतो: पुढच्या वर्षाची विभागीय उद्दिष्टं दहा मार्चपर्यंत पाठवा. विभाग नव्याने हातात आलेला माणूस मागच्या वर्षीची फाइल उघडतो, वर्ष बदलतो, प्रत्येक आकडा दहा टक्क्यांनी चांगला करतो आणि पाठवून देतो. ती फाइल नंतर ऑडिटच्या आदल्या दिवशीच उघडली जाते. मीही पहिल्या वर्षी असंच केलं होतं. त्या वर्षी टीममधल्या एकाही तंत्रज्ञाला आपलं उद्दिष्ट काय हे सांगता आलं नसतं.

त्यानंतर हळूहळू शिकत गेलो ती पद्धत इथे पायरीपायरीने लिहितो. उदाहरणासाठी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा मेंटेनन्स विभाग घेतला आहे, कारण हे काम मला आतून माहीत आहे. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर अशा औद्योगिक पट्ट्यांत असे विभाग शेकड्यांनी आहेत. चोवीस मशिन, तीन शिफ्ट, दहा माणसं असा विभाग धरू. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून मांडले आहेत, पण त्यांची चाल खऱ्या कामातलीच आहे.

आधी एक फरक. टीमचं उद्दिष्टपत्रक वेगळं आणि प्रत्येकाचा केआरए, म्हणजे वैयक्तिक कामाच्या मूल्यमापनाचा कागद, वेगळा. केआरए पगारवाढीला जोडलेला असतो, त्यामुळे माणूस त्यात जमेल तेवढंच लिहितो, आणि त्यात त्याची चूक नाही. टीमच्या पत्रकात मात्र अवघड गोष्ट लिहिता आली पाहिजे. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी घडवलेली आणि 1999 मध्ये जॉन डोअर यांनी गूगलमध्ये नेलेली ओकेआर, म्हणजे उद्दिष्टं आणि त्यांची मोजता येणारी फलितं लिहिण्याची पद्धतही उद्दिष्टं थेट पगाराला जोडू नका असंच सांगते. दोन्ही कागद एकाच एक्सेल फाइलमध्ये ठेवू नका. नाहीतर पहिल्याच बैठकीत लोक आकडे वाचवायला लागतात.

पहिली पायरी: मागच्या वर्षाचं रजिस्टर घेऊन बसा

उद्दिष्ट लिहिण्याआधी आज आपण कुठे आहोत ते कळायला हवं. हे काम जानेवारीत सुरू करा, मार्चमध्ये त्याला वेळ मिळत नाही.

ब्रेकडाउन रजिस्टर घ्या आणि बारा महिन्यांच्या सगळ्या नोंदी एका शीटमध्ये उतरवा. आपल्या उदाहरणात 412 ब्रेकडाउन आणि मशिन थांबल्याचे एकूण 2,472 तास निघाले, म्हणजे एका ब्रेकडाउनला सरासरी 6 तास. बरेच जण इथेच थांबतात आणि ‘ब्रेकडाउन तास 10 टक्क्यांनी कमी करणे’ असं लिहून मोकळे होतात. पण हे 2,472 तास कशात गेले हे अजून कळलेलं नाही. ते कळल्याशिवाय लिहिलेलं लक्ष्य ही फक्त इच्छा असते.

अडचण अशी की बहुतेक रजिस्टरांत दोनच वेळा लिहिलेल्या असतात: मशिन कधी बंद पडलं आणि कधी सुरू झालं. मधल्या वेळात काय चाललं होतं याची नोंद नसते. यावर उपाय म्हणजे सगळ्या 412 नोंदींच्या मागे न लागता सर्वांत मोठ्या 60 वेगळ्या काढायच्या. आपल्या उदाहरणात या 60 नोंदींतच सुमारे 1,500 तास आहेत. मग दोन जुने तंत्रज्ञ आणि स्टोअरचा माणूस यांना घेऊन दोन दुपारी बसायचं. प्रत्येक नोंद वाचायची आणि समोर एकच शब्द लिहायचा: निदान, स्पेअर, दुरुस्ती किंवा बाहेरचा सर्व्हिस इंजिनिअर. ज्यात सर्वाधिक वेळ गेला तो शब्द. लोकांना आठवत नसेल तर स्टोअरची इश्यू स्लिप आणि परचेस ऑर्डरची तारीख सांगते. सोळा तासांच्या ब्रेकडाउनमध्ये स्पेअर चौदाव्या तासाला इश्यू झाला असेल, तर मेंटेनन्सचा हात किती वेळ चालला हे उघड आहे.

शीटमध्ये मशिन नंबर B स्तंभात, तास G मध्ये आणि हा शब्द H मध्ये असेल, तर सात नंबरच्या मशिनवर स्पेअरची वाट पाहण्यात किती तास गेले ते असं काढता येतं:

```
=SUMIFS(G:G, B:B, "M07", H:H, "स्पेअर")
```

आपल्या उदाहरणात तीन गोष्टी बाहेर आल्या. चोवीसपैकी पाच मशिननी 1,310 तास खाल्ले, म्हणजे निम्म्याहून जास्त. स्पेअरअभावी 890 तास गेले. आणि एका मशिनवर तोच बिघाड तीस दिवसांत पुन्हा झाला, अशा प्रकारांत (स्पेअरची वाट वगळून) 410 तास गेले. वर्षभर टीमला वाटत होतं की माणसं कमी आहेत म्हणून मशिन उशिरा सुरू होतात. रजिस्टर वेगळं सांगत होतं.

तिमाहीची विभागणीही याच वेळी काढून ठेवा. एप्रिल ते जून 780, जुलै ते सप्टेंबर 640, ऑक्टोबर ते डिसेंबर 480, जानेवारी ते मार्च 572. उन्हाळ्यात इलेक्ट्रिकल पॅनेल तापतात आणि सर्वो ड्राइव्ह ट्रिप होतात. पावसाळ्यात वीज खाली-वर होते. शेवटच्या तिमाहीत डिस्पॅचच्या दबावाने मशिन पीएमसाठी, म्हणजे ठरलेल्या प्रतिबंधक देखभालीसाठी, मिळत नाहीत. आढाव्याच्या वेळी ही विभागणी कामाला येते. वर्षाच्या आकड्याला सरळ चारने भागून प्रत्येक तिमाहीला 618 तास धरले, तर एप्रिल-जूनमध्ये विनाकारण घबराट होते आणि दिवाळीच्या तिमाहीत विनाकारण शाबासकी मिळते.

दुसरी पायरी: उद्दिष्टं तीनच

दहा माणसांच्या टीमला तीन उद्दिष्टं पुरतात. रोजची कामं म्हणजे पीएम, कॅलिब्रेशन, कंप्रेसर आणि युटिलिटी ही चालूच राहणार, ती उद्दिष्टपत्रकात कोंबू नका. पत्रकात फक्त तेच लिहा जे यंदा मागच्या वर्षीपेक्षा वेगळं करायचं आहे. ग्राहकाच्या ऑडिटला लागणारे आकडे वेगळ्या तक्त्यात ठेवा. वाहन उद्योगातल्या आयएटीएफ 16949 मानकाच्या 8.5.1.5 कलमात मेंटेनन्सची उद्दिष्टं लेखी हवीत असं आहे आणि ओईई म्हणजे मशिनची एकूण परिणामकारकता, एमटीबीएफ म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी वेळ आणि एमटीटीआर म्हणजे दुरुस्तीला लागणारा सरासरी वेळ, अशी उदाहरणंही दिली आहेत. ते पाळायचंच आहे. पण ऑडिटसाठीचा तक्ता म्हणजे टीमचं उद्दिष्टपत्रक असं समजू नका.

उद्दिष्ट आकड्याशिवाय, साध्या वाक्यात लिहा. तंत्रज्ञाला ते एकदा ऐकून आठवलं पाहिजे. आपल्या टीमची तीन अशी:

१. सर्वाधिक थांबणाऱ्या पाच मशिनवर उत्पादनाला भरवसा ठेवता आला पाहिजे.

२. स्टोअरमध्ये असायला हवा होता अशा स्पेअरसाठी एकही मशिन ताटकळू नये.

३. रात्रपाळीचा बिघाड रात्रपाळीनेच सोडवावा.

तिसऱ्याबद्दल थोडं सांगतो. या टीममध्ये सर्वो आणि पीएलसीचा अलार्म वाचून निदान करू शकणारे दोघेच होते. रात्री मशिन अडलं की त्यांच्यापैकी एकाला घरी फोन जायचा. वर्षभरात असे 96 फोन गेले होते हे कळलं, कारण रात्रपाळीचा सुपरवायझर ते आपल्या वहीत लिहून ठेवायचा. या वहीचा शोध लागला म्हणूनच हे उद्दिष्ट मोजता आलं. तुमच्याही विभागात अशी एखादी वही असते. फायलींच्या आधी ती शोधा.

तिसरी पायरी: मोजमापाची व्याख्या लिहा, आणि जोडीदार मोजमापही

वर्षाच्या मध्यावर होणारी बहुतेक भांडणं व्याख्येवरून होतात. ‘ब्रेकडाउनचे तास’ हा शब्द सगळ्यांना कळतो असं वाटतं, पण उत्पादन, मेंटेनन्स आणि क्वालिटी त्याचे तीन अर्थ लावतात. म्हणून प्रत्येक मोजमापासाठी अर्ध्या पानाचं एक कार्ड लिहा. आपल्या पहिल्या मोजमापाचं कार्ड असं:

काय मोजायचं: बिघाडामुळे मशिन थांबल्याचे तास.
सुरुवात: ऑपरेटरने मदत बोलावणाऱ्या अँडॉन दिव्याचं बटण दाबल्याची वेळ.
शेवट: दुरुस्तीनंतर पहिला ओके पीस निघाल्याची वेळ.
धरायचं: तंत्रज्ञाची वाट पाहणं, स्पेअरची वाट पाहणं, ट्रायल पीस.
धरायचं नाही: टूल बदल, सेटिंग, वीज नसणं, ठरलेलं पीएम.
नोंद कोण करणार: शिफ्टचा उत्पादन सुपरवायझर.
पडताळणी कोण करणार: मेंटेनन्स प्लॅनर, दर सोमवारी.
गेल्या वर्षीचा आकडा: 2,472 तास.

‘शेवट’ची ओळ फार महत्त्वाची आहे. मेंटेनन्सच्या लेखी मशिन सुरू झालं की काम संपतं. उत्पादनाच्या लेखी चांगला पीस निघाला की संपतं. स्पिंडलचं बेअरिंग बदलल्यावर मशिन फिरतं, पण माप बसेपर्यंत दीड तास जाऊ शकतो. हा दीड तास कोणाचा हे एप्रिलच्या आधी ठरलेलं बरं.

आता जोडीदार मोजमाप. एखाद्या आकड्यावर सगळ्यांची नजर बसली की तो आकडा चांगला दिसावा म्हणून काम आपोआप वाकायला लागतं. त्यासाठी कोणी खोटारडं असावं लागत नाही. म्हणून प्रत्येक मोजमापाच्या शेजारी एक दुसरं ठेवा, जे पहिलं वाकवलं गेलं तर बिघडतं. ब्रेकडाउनच्या तासांच्या शेजारी उत्पादनाच्या रजिस्टरमधले ‘इतर कारणं’ या रकान्यातले तास ठेवा. ब्रेकडाउन कमी आणि ‘इतर’ जास्त होत असेल, तर तास कमी झाले नाहीत, फक्त रकाना बदलला. स्पेअरच्या वाटेच्या शेजारी स्टोअरमधल्या मालाची किंमत ठेवा. नाहीतर सगळंच भरून ठेवलं की वाट शून्य होते, पण पैसे अडकतात. रात्रीच्या फोनच्या शेजारी रात्रीच्या ब्रेकडाउनचा सरासरी वेळ ठेवा. फोन न करता पोरं सकाळपर्यंत मशिन उघडून बसली, तर ते यश नव्हे.

एमटीटीआर मी मोजतो पण त्याचं लक्ष्य कधी ठेवत नाही. तो कमी करण्याचा सर्वांत सोपा रस्ता म्हणजे मेन आयसोलेटरला कुलूप न लावता मशिनमध्ये हात घालणं. दुरुस्तीच्या मिनिटांवर दबाव आणला की हे होतं. वाट पाहण्याच्या तासांवर दबाव आणा, तिथे कोणाचा हात मशिनमध्ये नसतो.

वर्षाच्या निकालासोबत रोजच्या कृतीचंही एक मोजमाप लागतं, कारण ब्रेकडाउनचे तास कळेपर्यंत ती वेळ गेलेली असते. इथे ते आहे पीएमची वेळेवर पूर्तता: महिन्यात ठरलेल्या पीएमपैकी ठरल्या तारखेच्या तीन दिवस इकडे-तिकडे किती झाले. गेल्या वर्षी ते सरासरी 82 टक्के होतं. पीएम आज चुकलं की ब्रेकडाउन दोन-तीन महिन्यांनी दिसतं, म्हणून हा आकडा आधी बोलतो.

चौथी पायरी: लक्ष्याचा आकडा खालून मोजा

सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो.

स्पेअरअभावी गेलेल्या 890 तासांपैकी 620 तास फक्त 15 वस्तूंमुळे गेले होते: सर्वो ड्राइव्ह, एन्कोडर केबल, हायड्रॉलिक पॉवरपॅकचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, स्पिंडलचे बेअरिंग सेट, कूलंट पंप वगैरे. या वस्तू स्टोअरमध्ये राहिल्या तरी 620 तास शून्य होत नाहीत. एकच नग असताना दोन मशिन एकदम पडतात, किंवा आलेला भाग बसतच नाही. म्हणून वर्षाला 400 तास वाचतील असं धरलं. पण बजेट एक एप्रिलला उघडतं, ऑर्डर निघून माल यायला जून संपतो. फायदा नऊच महिन्यांचा, म्हणून 300 तास. पुन्हापुन्हा होणाऱ्या बिघाडांच्या 410 तासांतून मूळ कारण शोधण्याच्या कामामुळे 150 तास वाचतील. दोन्ही मिळून 450. म्हणजे लक्ष्य साधारण 2,020 तास.

वरून मात्र निरोप आला होता: तीस टक्के कमी करा. म्हणजे 1,730. इथे नवा माणूस दोनपैकी एक चूक करतो. मुकाट्याने 1,730 लिहितो, किंवा ‘जमणार नाही’ म्हणून वाद घालतो. तिसरा रस्ता जपानी कारखान्यांतल्या होशिन कानरी पद्धतीत आहे आणि त्याला तिकडे कॅचबॉल म्हणतात. आकडा चेंडूसारखा वर-खाली जातो, आणि प्रत्येक फेकीबरोबर त्याला काहीतरी चिकटून जातं: पैसे, माणसं किंवा वेळ. टीमने उत्तर पाठवलं की आमच्या हिशेबाने 2,020 होतात. सात नंबरच्या मशिनचा जुना कंट्रोल दिवाळीच्या शटडाउनमध्ये बदलायला पैसे मिळाले, तर उरलेल्या महिन्यांत आणखी 120 तास वाचतील, म्हणजे 1,900. त्याखाली जायचा रस्ता आम्हाला दिसत नाही.

शेवटी 1,900 ठरलं, आणि पत्रकात आकड्याखाली अट लिहिली गेली: कंट्रोल बदलण्याची मंजुरी 31 जुलैपर्यंत मिळाली नाही तर लक्ष्य 2,020. हे वाक्य तोंडी राहू देऊ नका. डिसेंबरमध्ये 1,900 आठवतं, अट कोणाला आठवत नाही.

तिमाहीची अपेक्षा गेल्या वर्षीच्या चालीवर बसवली: 740, 500, 310, 350. पहिल्या तिमाहीत जवळपास काहीच सुधारणा धरलेली नाही, कारण स्पेअर तोवर आलेलेच नसणार. हे आधी लिहिलं असेल तर जुलैमध्ये सफाई द्यावी लागत नाही.

पाचवी पायरी: आढाव्याच्या तारखा निर्णयावरून ठरवा

तिमाही संपली की आढावा, हा रिवाज हिशेबखात्याच्या सोयीचा आहे. आपल्या कामाचा आढावा अशा दिवशी हवा, जेव्हा काही बदलणं अजून हातात असतं. मेंटेनन्सच्या वर्षातला मोठा दिवस म्हणजे दिवाळीचं शटडाउन. त्यात बसवायचे बॉलस्क्रू किंवा ड्राइव्ह बाहेरून मागवायचे असतील तर बारा आठवडे धरावे लागतात. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यावर, तर अधिक महिना आला की नोव्हेंबरात जाते. म्हणून आधी कॅलेंडर बघा, शटडाउनच्या तारखेपासून बारा आठवडे मागे मोजा आणि पहिला मोठा आढावा त्याआधी ठेवा. बहुतेक वर्षी जुलैचा दुसरा आठवडा जमतो. ऑक्टोबरमध्ये आढावा घेऊन ‘शटडाउनला हेही करायला हवं होतं’ असं म्हणण्यात काही हशील नाही.

दुसरा मोठा आढावा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. तिसरा जानेवारीत, पुढच्या वर्षाचं बजेट बंद होण्यापूर्वी. शेवटचा मार्चअखेर. मधल्या प्रत्येक महिन्यात अर्धा तास, शॉपफ्लोअरवर बोर्डासमोर उभं राहून, प्रेझेंटेशन न करता.

प्रत्येक आढाव्यासाठी पत्रकात आताच लिहून ठेवा की आकडा असा आला तर आपण काय करू. माझ्या मते पत्रकातला सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि नेमका हाच बहुतेक पत्रकांत नसतो. उदाहरणार्थ:

पीएमची पूर्तता सलग दोन महिने 80 टक्क्यांखाली गेली, तर पुढचे चार रविवार पाच अवघड मशिन पहिल्या शिफ्टला मेंटेनन्सच्या ताब्यात द्यायची. उत्पादनप्रमुखाची याला आगाऊ सही.

जुलैपर्यंत आलेले स्पेअर 15 पैकी 10 हून कमी असतील, तर उरलेल्यांची यादी परचेस प्रमुखाकडे, आणि पर्यायी पुरवठादाराचा निर्णय त्याच आठवड्यात.

‘इतर कारणं’ मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा 50 तासांहून जास्त वाढली, तर 40 नोंदी काढून दोन्ही विभागांनी एकत्र तपासायच्या.

मार्चमध्ये सगळे शांत असतात, तेव्हा उत्पादनप्रमुख रविवारच्या मशिनसाठी सही देतो. सप्टेंबरमध्ये डिस्पॅचचा दबाव असताना तीच सही मागितली तर तो नाही म्हणणार, आणि त्याच्या जागी आपणही तेच केलं असतं.

वर्ष सुरू झाल्यावर: दोन आढावे प्रत्यक्षात कसे गेले

जुलैच्या आढाव्यात पहिल्या तिमाहीचे 752 तास समोर आले. अपेक्षा 740. फारसा फरक नाही, पाच मिनिटांत पुढे. उरलेला वेळ स्पेअरवर गेला, कारण पंधरापैकी नऊच आले होते. अट लागू झाली. सहाच्या सहा अडलेल्या वस्तूंची यादी परचेसकडे गेली, आणि त्यातल्या दोन वस्तूंचा ड्रॉइंग नंबरच चुकीचा दिला गेला होता हे तिथे कळलं. सात नंबरच्या कंट्रोलची मंजुरीही मिळाली.

ऑक्टोबरचा आढावा शिकवणारा होता. दुसऱ्या तिमाहीत 496 तास, अपेक्षा 500. बोर्डावर हिरवा ठिपका. नुसता हा आकडा बघितला असता तर चहा पिऊन सगळे परत गेले असते. पण शेजारचे दोन आकडे वेगळंच बोलत होते. ‘इतर कारणं’ गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा 95 तासांनी वाढली होती. आणि पीएमची पूर्तता जुलैत 86, ऑगस्टमध्ये 74, सप्टेंबरमध्ये 71 टक्के होती.

आधी पहिली गोष्ट. ठरल्याप्रमाणे 40 नोंदी काढल्या. एक नवा सुपरवायझर तंत्रज्ञ येईपर्यंतचा वेळ ‘ऑपरेटर थांबला’ म्हणून ‘इतर’मध्ये टाकत होता, आणि तंत्रज्ञ आल्यापासून ब्रेकडाउन धरत होता. त्याला कार्ड कोणी दाखवलंच नव्हतं. हिशेब नीट केल्यावर 48 तास ब्रेकडाउनमध्ये परत आले. तिमाहीचा खरा आकडा 544, हिरवा ठिपका गेला. तरी गेल्या वर्षीच्या 640 पेक्षा तो चांगलाच होता, आणि आता त्यावर विश्वास ठेवता येत होता. त्या दिवसापासून कार्डाची लॅमिनेट केलेली प्रत प्रत्येक सुपरवायझरच्या टेबलावर गेली. कोणाला बोल लावला नाही, आणि ते मुद्दाम. एकदा चुकीच्या नोंदीवरून माणसाला झापलं की पुढच्या सगळ्या नोंदी झाकून यायला लागतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. ऑगस्टपासून तीन तंत्रज्ञ नव्या लाइनच्या उभारणीला दिले होते आणि त्यात पीएम मागे पडत होतं. त्याचे ब्रेकडाउन अजून दिसले नव्हते, ते नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास दिसले असते. मार्चमधली सही असल्याने चार रविवार मशिन मिळाली. आठवडाभर कुरबूर झाली, पण नाही कोणी म्हणालं नाही.

मध्येच उद्दिष्ट बदलायचं का?

बदलता येतं, पण दोनच कारणांनी. परिस्थिती बदलली, म्हणजे नवी लाइन आली, शिफ्ट कमी झाली, एखादं मशिन विकलं गेलं. किंवा उद्दिष्टच चुकीचं होतं हे उघड झालं. आकडा गाठला जाणार नाही, हे कारण चालत नाही. गाठला न गेलेला आकडा तसाच राहू द्या, त्यातूनच पुढच्या जानेवारीत काही शिकायला मिळतं.

व्याख्या मात्र शक्यतो वर्षभर हलवू नका. हलवावीच लागली तर गेल्या वर्षीचा आकडाही नव्या व्याख्येने पुन्हा काढा, आणि बदलाची तारीख, कारण आणि दोन्ही प्रमुखांच्या सह्या कार्डाच्या मागे लिहा. जुना कागद फाडू नका. पत्रकाच्या फाइलला तारखेनुसार नाव द्या आणि आधीच्या आवृत्त्या ठेवा.

पत्रक किती लांब असावं हेही विचारलं जातं. पहिल्या पानावर तीन उद्दिष्टं, त्यांची मोजमापं, तिमाहीच्या अपेक्षा आणि अटी. मागे मोजमापांची कार्डं. मग आढाव्याच्या तारखा आणि ‘असं आलं तर असं’ची यादी. सहा-सात पानांत सगळं बसतं. पहिलं पान मोठं करून बोर्डावर लावा, मराठीत, कारण ते वाचणाऱ्या दहापैकी आठ जण मराठीतच विचार करतात. प्लॅन्ट हेडला इंग्रजी प्रत हवी असेल तर ती वेगळी द्या.

मार्चअखेरचं शेवटचं पान

वर्ष संपलं तेव्हा एकूण 1,984 तास झाले. लक्ष्य 1,900 होतं, ते चुकलं. शेवटच्या पानावर तीनच गोष्टी लिहायच्या: आकडा काय झाला, हिशेबातलं कोणतं गृहीतक चुकलं, आणि पुढे काय न्यायचं. इथे 15 स्पेअरकडून 300 तासांची अपेक्षा होती, पण सहा वस्तू सप्टेंबरमध्ये आल्या, त्यामुळे ती पूर्ण झाली नाही. चुकीच्या ड्रॉइंग नंबरची दोन उदाहरणं पाहून उरलेल्या सगळ्या महत्त्वाच्या स्पेअरचे नंबर प्रत्यक्ष नगावरून तपासायचं काम पुढच्या वर्षाच्या पत्रकात गेलं. रात्रीचे फोन 96 वरून 52 वर आले, लक्ष्य 40 होतं. रात्रीच्या ब्रेकडाउनचा सरासरी वेळ वाढला नव्हता, म्हणजे फोन खरंच कमी झाले होते. निदान करू शकणारे आता दोनाचे चार झाले होते. त्यातला एक जण मार्चमध्ये दुसऱ्या कारखान्यात गेला, तेही शेवटच्या पानावर लिहिलं, कारण एप्रिलची सुरुवात चार नव्हे, तीन माणसांवरून होणार होती.